'खंड ५' की '५ खंड'?

दिवाळी अंकातला एखादा मेहनतीने लिहिलेला लेख असतो, गावाच्या इतिहासावर काढलेली स्मरणिका असते किंवा एम.ए.चा प्रबंध असतो. शेवटी संदर्भांची यादी येते आणि तिच्यात एक ओळ हमखास सापडते : 'मराठी विश्वकोश'. पुढे काहीच नाही. आता हा विश्वकोश वीस खंडांचा आहे. पहिला खंड १९७६ साली निघाला, विसावा पुरा व्हायला २०१५ साल उजाडले. तालुक्याच्या ग्रंथालयात कपाटाचा अख्खा खण त्याने भरतो. लेखातले एखादे विधान खरे आहे का, हे तपासायला कोणी त्या खणासमोर उभा राहिला, तर त्या एका ओळीचा त्याला काहीही उपयोग होत नाही. कोणता खंड काढायचा आणि त्यात कोणती नोंद उघडायची, हे लेखकाने सांगितलेलेच नसते.

कादंबरी किंवा चरित्र यांचा संदर्भ देणे सोपे असते. लेखक, पुस्तक, प्रकाशक, साल आणि पान एवढे दिले की काम झाले. कोशांचे आणि अनेक खंडांच्या ग्रंथांचे तसे नाही. तिथे लेखक एक नसतो आणि प्रकाशनाचे सालही एक नसते, कधी कधी तर प्रकाशकही बदलतो. म्हणून अशा ग्रंथाची यादीतली ओळ लिहिण्यापूर्वी एक गोष्ट ठरवावी लागते : वाचक या ग्रंथात शिरणार कुठून? वर्णानुक्रमाने लावलेल्या कोशात तो नोंदीच्या शीर्षकावरून शिरतो. विषयवार लिहिलेल्या ग्रंथात तो खंड आणि पान यांवरून शिरतो. ओळीत काय दिलेच पाहिजे आणि काय गाळले तरी चालेल, हे सगळे या एका भेदावर ठरते.

हा भेद मराठीत एकाच ग्रंथात शेजारी शेजारी पाहायला मिळतो. डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकरांचा 'महाराष्ट्रीय ज्ञानकोश' १९२० ते १९२९ या काळात तेवीस खंडांत प्रसिद्ध झाला. त्याचे पहिले पाच खंड प्रस्तावनेचे आहेत आणि त्यांत अकारविल्हे नोंदी नाहीत. पहिला 'हिंदुस्थान आणि जग', दुसरा 'वेदविद्या', पाचवा 'विज्ञानेतिहास', अशी प्रत्येकाला स्वतंत्र नावे आहेत आणि आत प्रकरणे आहेत. सहाव्यापासून पुढे वर्णानुक्रमाने लावलेला खरा कोश सुरू होतो. त्यामुळे वेदांविषयीचे विधान दुसऱ्या खंडातून घेतले असेल, तर खंडाचा क्रमांक, खंडाचे नाव, प्रकरण आणि पान हे सारे द्यायला हवे. केवळ 'ज्ञानकोश, वेद पाहा' असे लिहिले, तर वाचक थेट 'व' असलेला खंड काढणार आणि चुकीच्या कपाटात हात घालणार. उलट सहाव्या खंडापासून पुढच्या एखाद्या नोंदीचा संदर्भ असेल, तर नोंदीचे शीर्षक आणि खंडाचा क्रमांक हाच मुख्य पत्ता ठरतो. पान दिले तर उत्तम, पण ते सुटले म्हणून नोंद हरवत नाही.

इंग्रजी कोशांचे संदर्भ देणाऱ्यांनी हीच रीत फार पूर्वी एका लॅटिन संक्षेपात बसवली. 'एस. व्ही.' म्हणजे 'सब वर्बो', अर्थात 'या शब्दाखाली'. शिकागो पद्धतीत सर्वपरिचित कोशाचा हवाला देताना आवृत्ती सांगायची, मग 'एस. व्ही.' लिहून नोंदीचे शीर्षक द्यायचे. खंड आणि पान यांचा आग्रह तिथे नसतो, कारण वर्णानुक्रम ते काम करतो. मराठीत मात्र खंडाचा क्रमांक गाळणे परवडत नाही. आपल्याकडे वर्णानुक्रमच सगळीकडे एकसारखा नाही. संस्कृत क्रम मानणारा संपादक 'ज्ञ' हा 'ज'च्या जोडाक्षरांत घालतो, तर मराठी वर्णमाला पाळणारा 'क्ष' आणि 'ज्ञ' शेवटी नेतो. अनुस्वाराचा शब्द आधी यावा की नंतर, याबाबतही कोशाकोशांत फरक दिसतो. 'ज्ञ'ने सुरू होणारी एखादी नोंद शोधणारा वाचक एका कोशात मधला खंड उघडेल आणि दुसऱ्यात अखेरचा. 'खंड' हा शब्द आणि पुढे एक आकडा एवढ्याने त्याची ती शोधाशोध टळते.

एक नोंद हाताशी घेऊन ही ओळ कशी तयार होते ते पाहता येईल. गोपाळ गणेश आगरकरांवर लिहिणाऱ्याने मराठी विश्वकोशाचा पहिला खंड काढला. 'अंक'पासून सुरू होणाऱ्या या खंडात 'आगरकर, गोपाळ गणेश' ही नोंद आहे. विश्वकोशात व्यक्तिनोंदींमध्ये आडनाव आधी येते, म्हणून यादीतही शीर्षक तसेच उतरवायचे. लेखकाने ते आपल्या सोयीने 'गोपाळ गणेश आगरकर' केले, तर वाचक 'ग'च्या खंडाकडे वळण्याचा धोका असतो. आता नोंदीच्या शेवटी नजर टाकायची. विश्वकोशातल्या नोंदींखाली लिहिणाऱ्याचे नाव असते, आधी आडनाव आणि मग आद्याक्षरे. तेच ओळीचे पहिले पद. मग नोंदीचे शीर्षक एकेरी अवतरणात, मग कोशाचे नाव, खंड, प्रमुख संपादक, प्रकाशनाचे ठिकाण, साल आणि शेवटी पान. लेखकाच्या नावापुढची ओळ अशी दिसेल :

'आगरकर, गोपाळ गणेश', मराठी विश्वकोश, खंड १, प्रमुख संपादक : लक्ष्मणशास्त्री जोशी, मुंबई, १९७६, पृ. ...

या ओळीतले सर्वांत जास्त चुकणारे पद संपादकाचे आहे. 'तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी विश्वकोशात म्हणतात' असे वाक्य व्याख्यानांतून आणि लेखांतून अनेकदा येते. तर्कतीर्थ प्रमुख संपादक होते. प्रत्येक नोंद त्यांनी लिहिलेली नाही. ज्याने महिनोन्‌महिने वाचून नोंद तयार केली, त्याचे नाव नोंदीखाली छापलेले असताना श्रेय संपादकाला देणे हा त्या अभ्यासकावर अन्याय आहे. शिवाय तर्कतीर्थ १९९४ साली गेले. त्यांच्यानंतर मे. पुं. रेगे प्रमुख संपादक झाले आणि अखेरचे खंड विजया वाड यांच्या काळात आले. म्हणजे एकाच विश्वकोशातल्या दोन खंडांच्या ओळींत दोन निराळे संपादक येऊ शकतात. प्रकाशकाचेही तसेच. आरंभी हे काम महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाकडे होते. १९८० मध्ये विश्वकोशासाठी स्वतंत्र निर्मिती मंडळ झाले. त्यामुळे एका खंडाची माहिती दुसऱ्यावर चिकटवून चालत नाही. जो खंड हातात आहे, त्याच्याच शीर्षकपानावरून नावे उतरवावी लागतात.

विश्वकोशाच्या काही नोंदींखाली दोन नावे असतात. पहिल्यापुढे कंसात 'इं.' आणि दुसऱ्यापुढे 'म.' अशी अक्षरे दिसतात. नोंद मुळात इंग्रजीत कोणी लिहिली आणि मराठीत कोणी आणली, हे त्या अक्षरांनी सांगितलेले असते. घाईत ही दोन नावे सहलेखकांची समजून 'आणि' घालून जोडली जातात. तसे न करता दुसरे नाव अनुवादक म्हणून द्यावे. देशांच्या किंवा राज्यांच्या लांबलचक नोंदींत आणखी एक पेच असतो. 'महाराष्ट्र' या नोंदीत भूवर्णन, इतिहास, राजकीय स्थिती, कला असे पोटविभाग आहेत आणि वेगवेगळ्या विभागांखाली वेगवेगळ्या लेखकांची नावे आहेत. तिथे विधान ज्या पोटविभागातून घेतले, त्याचे उपशीर्षक आणि त्या विभागाच्या लेखकाचे नाव द्यायला हवे. शेकडो परिच्छेदांच्या नोंदीचे नुसते शीर्षक दिले, तर वाचकाला पुन्हा सगळे चाळावे लागते.

केतकरांच्या ज्ञानकोशात बहुतेक नोंदींखाली अशी सही नाही. मग ओळीच्या सुरुवातीला लेखक म्हणून केतकरांचे नाव टाकण्याचा मोह होतो, तो आवरावा. लेखक ठाऊक नसेल, तर ओळ नोंदीच्या शीर्षकापासून सुरू होते आणि केतकरांचे नाव संपादक म्हणून त्यांच्या जागी येते. इंग्रजीतल्या एन्सायक्लोपीडिया ब्रिटानिकाच्या १९१०-११ मधल्या अकराव्या आवृत्तीत याच्या अधलेमधले काहीतरी आहे. तिथे नोंदीखाली केवळ आद्याक्षरे छापलेली असतात आणि ती कोणाची, याची यादी खंडाच्या आरंभी दिलेली असते. तिथले पान उलटून पूर्ण नाव शोधायचे आणि तेच यादीत लिहायचे. ब्रिटानिकाबाबत आवृत्ती सांगणेही फार महत्त्वाचे आहे. १९७४ साली आलेल्या पंधराव्या आवृत्तीत छोट्या नोंदी आणि दीर्घ लेख यांचे दोन वेगळे संच करण्यात आले, आणि १९८५ मध्ये त्याच आवृत्तीची पुन्हा नवी मांडणी झाली. म्हणून तिथे 'पंधरावी आवृत्ती' एवढ्यानेही भागत नाही, छापल्याचे सालही लागते.

शब्दकोशांचा भाग थोडक्यात आटोपता आला असता, पण तिथली एक चूक इतकी सर्रास होते की ती नीट पाहायला हवी. शब्दकोशाचा हवाला देताना शब्द कोशात छापला आहे तसाच लिहायचा असतो. य. रा. दाते आणि चिं. ग. कर्वे यांचा 'महाराष्ट्र शब्दकोश' १९३२ ते १९३८ या काळात सात विभागांत आला आणि १९५० मध्ये त्याची पुरवणी निघाली. तेव्हा मराठी लेखनाचे आजचे नियम नव्हते. व्युत्पत्तीवरून येणारे अनुस्वार शब्दांवर दिले जात. त्या कोशात आणि मोल्सवर्थच्या कोशातही 'नांव' आणि 'नाव' हे दोन शब्द आहेत. अनुस्वाराचा 'नांव' म्हणजे माणसाचे किंवा वस्तूचे नाम, आणि बिनअनुस्वाराचा 'नाव' म्हणजे होडी. लेखकाने किंवा मुद्रितशोधकाने चांगल्या हेतूने संदर्भातले 'नांव' आजच्या नियमाप्रमाणे 'नाव' करून टाकले, की वाचक थेट होडीवर जाऊन बसतो. लेखाच्या मजकुरात शुद्धलेखन आजचे असावे, पण संदर्भयादीत नोंदीचे शीर्षक मुळाबरहुकूम. मुद्रितशोधकासाठी तशी सूचना हस्तलिखितावर लिहून ठेवणे उत्तम. आणि एकाच अक्षरांचे दोन शब्द कोशात असतील, तर कोणत्या अर्थाची नोंद हेही दोन शब्दांत सांगावे.

शब्दकोशाचे नाव आणि साल यांतही घोटाळे होतात. 'दाते-कर्वे कोश, खंड २' असे लिहिलेले अनेक ठिकाणी आढळते. या जोडीने महाराष्ट्र शब्दकोशाखेरीज 'महाराष्ट्र वाक्संप्रदाय कोश' केला आणि सहा भागांचा 'सुलभ विश्वकोश'ही केला. या तिन्हींना दुसरा खंड आहे. नुसत्या 'दाते-कर्वे'वरून त्यांतला कोणता अभिप्रेत आहे ते कळायला मार्ग नाही. याच कारणाने 'विश्वकोश' हा एकटा शब्दही अपुरा पडतो.

जेम्स टॉमस मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाची पहिली आवृत्ती १८३१ ची आणि सुधारून वाढवलेली दुसरी १८५७ ची. आज घरोघरी आणि ग्रंथालयांत जी प्रत दिसते ती बहुधा पुण्याच्या शुभदा-सारस्वतने १९७५ मध्ये काढलेले दुसऱ्या आवृत्तीचे पुनर्मुद्रण असते. ते हाताळणारा कधी 'मोल्सवर्थ, १९७५' लिहितो, तर कधी कोश जुना हे ठाऊक असल्याने 'मोल्सवर्थ, १८३१' लिहितो. पहिल्याने शब्दाचे वय शंभरहून अधिक वर्षांनी घटते. दुसऱ्याने, १८५७ मध्ये नव्याने आलेला शब्द सव्वीस वर्षे आधीच नोंदला गेल्याचा भास होतो. शब्दाचा इतिहास लिहिणाऱ्यासाठी ही गंभीर चूक आहे. खरी ओळ अशी हवी : मोल्सवर्थ, दुसरी आवृत्ती, १८५७; पुनर्मुद्रण, पुणे, १९७५; 'नांव' या शब्दाखाली.

विषयवार लिहिलेल्या बहुखंडी ग्रंथाचे सर्वांत चांगले उदाहरण म्हणजे महामहोपाध्याय पां. वा. काणे यांचा इंग्रजीतला 'हिस्टरी ऑफ धर्मशास्त्र'. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने तो १९३० ते १९६२ या काळात प्रसिद्ध केला. ग्रंथ पाच खंडांचा, असे सगळेच सांगतात आणि ते खरे आहे. पण मांडणीवर पुस्तके मोजली तर पाचाहून जास्त भरतात, कारण दुसरा आणि पाचवा हे खंड प्रत्येकी दोन भागांत आहेत. पहिल्या खंडाची सुधारून वाढवलेली दुसरी आवृत्ती निघाली, तीही दोन भागांत, १९६८ आणि १९७५ साली. १९३० ची प्रत वाचून दिलेले पान १९६८ च्या प्रतीत जुळत नाही. म्हणून पहिल्या खंडाचा संदर्भ देताना आवृत्ती सांगणे अनिवार्य ठरते. दुसऱ्या आणि पाचव्या खंडांत पृष्ठांकन पहिल्या भागातून दुसऱ्यात सलग चालू राहते. तिथे भाग सांगायचा राहिला तरी पानावरून वाट सापडू शकते. पण पुढचा वाचक हे जाणतो असे गृहीत न धरता भाग लिहावाच.

इथेच आकड्याच्या जागेचा प्रश्न येतो. '५ खंड' आणि 'खंड ५' यांत अक्षरे तीच आहेत, पण एक ग्रंथाची एकूण व्याप्ती सांगतो आणि दुसरा त्यातले एक पुस्तक दाखवतो. समजा, कोणी सोयर-सुतकाविषयी लिहिताना काण्यांचा आधार घेतला. आशौचाचा विषय चौथ्या खंडात आहे आणि तो खंड १९५३ चा आहे. तेव्हा ओळ अशी होते :

काणे, पांडुरंग वामन, हिस्टरी ऑफ धर्मशास्त्र, खंड ४, पुणे, भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिर, १९५३, पृ. ...

त्याच लेखकाने पुढे व्रतांसाठी पाचव्या खंडाचा पहिला भागही वापरला आणि राजधर्मासाठी तिसराही पाहिला. आता तीन ओळी लिहाव्यात की एकच? ग्रंथ ठिकठिकाणी वापरला असेल, तर यादीत संपूर्ण ग्रंथाची एक ओळ '५ खंड, १९३०–१९६२' अशी द्यावी आणि लेखाच्या तळटिपांमध्ये प्रत्येक वेळी 'काणे, खंड ४, पृ. अमुक' लिहावे. एकाच खंडाशी काम पडले असेल, तर त्या खंडाची ओळ त्या खंडाच्या सालासह द्यावी. या दोन्हींची सरमिसळ होऊन 'खंड ४, १९३०–१९६२' अशी ओळ तयार होते, तेव्हा ती कोणत्याच पुस्तकाचे वर्णन करत नाही. अशी ओळ यादीत दिसली, की लेखकाने ग्रंथ न पाहता दुसऱ्या कोणाच्या यादीतून उचलली असावी, अशी शंका जाणत्या वाचकाला येते.

प्रत्येक खंडाला वेगळे नाव असेल तर तेही द्यायचे असते. सिद्धेश्वरशास्त्री चित्राव यांच्या चरित्रकोशाचे प्राचीन, मध्ययुगीन आणि अर्वाचीन असे तीन ग्रंथ आहेत आणि त्यांची ओळख क्रमांकाने न होता काळाच्या नावाने होते. आगरकर त्यांत शोधायचे तर 'भारतवर्षीय अर्वाचीन चरित्रकोश' असेच लिहायला हवे. 'चित्राव, चरित्रकोश' एवढे वाचून प्राचीन चरित्रकोश उघडणाऱ्याला तिथे ऋषी आणि राजे भेटतील. विभागाला मुळात जे नाव असेल तेच ठेवावे, हाही नियम याच जातीचा. दाते-कर्व्यांचा 'विभाग' आपल्या यादीत 'खंड' होऊ नये आणि 'पूर्वार्ध'चा 'भाग १' करू नये, कारण पुस्तकाच्या पाठीवर जे छापलेले असते तेच वाचकाची नजर शोधते.

संगणकावर कोश आल्यापासून नोंद सापडणे सोपे झाले आणि पत्ता चुकणेही. मराठी विश्वकोशाच्या छापील खंडांचा मजकूर vishwakosh.marathi.gov.in या संकेतस्थळावर आहे, तर ज्ञानमंडळांनी नव्याने लिहिलेल्या आणि अद्ययावत केलेल्या नोंदी marathivishwakosh.org वर आहेत. दोन्हीकडे एकाच विषयाची नोंद असू शकते, पण तिचा लेखक, मजकूर आणि साल निराळे असते. पडद्यावर वाचून 'खंड १, १९७६' असे लिहिले आणि वाचलेली नोंद नव्या संचातली निघाली, तर ती ओळ चुकीची ठरते. जिथे वाचले तिथलाच पत्ता द्यावा आणि नोंद पाहिल्याची तारीखही लिहावी. छापील पान पाहिलेले नसेल, तर पृष्ठक्रमांक देऊ नये.

राहता राहिला यादी नीटनेटकी लावण्याचा प्रश्न. एकाच कोशातल्या बारा-पंधरा नोंदी वापरल्या असतील, तर प्रत्येक ओळीत कोशाचे नाव, मंडळ आणि शहर पुन्हा पुन्हा लिहिल्याने यादी फुगते आणि डोळा थकतो. अशा वेळी कोश एकदाच पूर्ण तपशिलानिशी लिहावा आणि त्याखाली थोडे आत सरकवून नोंदी द्याव्यात : लेखक, शीर्षक, खंड, साल, पान. या नोंदी खंडांच्या क्रमाने लावल्या, तर तपासणाऱ्याला कपाटातून एकेक खंड एकदाच काढावा लागतो. लेखकांच्या आडनावांप्रमाणे लावल्या, तर श्रेय ठळक होते. दोन्ही पद्धती ग्राह्य आहेत, फक्त एका यादीत एकच पाळावी. नोंद उघडल्यावर तिथे केवळ 'पहा' लिहून दुसऱ्या नोंदीकडे बोट दाखवलेले असेल, तर यादीत ती दुसरी, जिथे मजकूर प्रत्यक्ष आहे ती नोंद येते.

हे सगळे तपशील मिळवण्याची एकच सोयीची वेळ असते आणि ती म्हणजे खंड टेबलावर उघडा असतानाची. नंतर आठवणीतून साल येत नाही आणि संदर्भग्रंथ बहुतेक ग्रंथालये घरी नेऊ देत नाहीत. तेव्हा लिहिणाऱ्यांनी खंड परत ठेवण्याआधी शीर्षकपान, त्यामागचे पान, नोंदीचे पहिले पान आणि लेखकाचे नाव असलेले अखेरचे पान ही चार पाने टिपून किंवा फोनवर छायाचित्र काढून ठेवावीत. आणि संपादकांनी 'संदर्भ : मराठी विश्वकोश' एवढीच ओळ आली, तर लेख छापण्याआधी लेखकाकडून खंड आणि नोंद मागून घ्यावी.